एका मीटरचे वजन

सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. जे उत्तर येईल ते त्या सळईच्या एक मीटर लांबीचे किलोग्रॅममधले वजन. बांधकामाच्या साइटवर पहिल्या आठवड्यात कानावर पडणारा आणि नंतर कधी विसरला न जाणारा हा नियम आहे. इंजिनिअर तो वापरतो, सुपरवायझर वापरतो, सळया कापणारा फिटर वापरतो आणि बिल तपासणारा लेखापालही वापरतो. बारा मिलिमीटरची सळई म्हणजे १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८८ किलो. यापुढे त्या नियमाबद्दल आणखी काही सांगण्यासारखे असेल असे सहसा कुणाला वाटत नाही, आणि त्यावर आख्खे पुस्तक कशाला, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. माझे उत्तर असे की हा नियम जवळजवळ सगळेजण एकाच दिशेने वाचतात, आणि ती दिशा उलटी आहे. व्यास ठाऊक आहे, त्यावरून वजन काढायचे, असा आपला समज असतो. आजच्या रिब असलेल्या सळईच्या बाबतीत खरा क्रम याच्या नेमका उलट आहे: तिचे वजन ही मोजता येणारी वस्तुस्थिती आहे, आणि व्यास हा त्या वजनावरून ठरवलेला आकडा आहे. हे एकदा लक्षात आले की ही ओळ अंदाजपत्रकाचे साधन राहत नाही, ती तपासणीचे साधन होते. या पुस्तकाची उभारणी याच मुद्द्यावर झाली आहे आणि म्हणून मला त्याची प्रस्तावना लिहावीशी वाटली.

आधी १६२ कुठून आले ते पाहू, कारण ते पाठ असणाऱ्या अनेकांना त्याचे मूळ सांगितलेले नसते. एक मीटर सळईचे घनफळ म्हणजे तिच्या छेदाचे क्षेत्रफळ गुणिले एक मीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाला ०.७८५४ ने गुणून मिळते. पोलादाची घनता हिशेबासाठी दर घनमीटरला ७८५० किलो धरतात. म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर पोलादाचे वजन ०.००७८५ किलो. या दोन संख्यांचा गुणाकार ०.००६१६५ येतो. दर वेळी अशा संख्येने गुणण्यापेक्षा तिच्या व्यस्ताने भागणे सोपे, आणि तो व्यस्त म्हणजे १६२.२. साइटवर त्यातला दशांश गळाला आणि १६२ उरले. या गळतीने वजन हजारात सव्वा भागाने जास्त दिसते, म्हणजे दहा टनांमागे सुमारे बारा किलो. १६२ बरोबर की १६२.२ यावर कधीकधी तावातावाने वाद होतात, पण हा फरक सळईच्या वजनातल्या मान्य कमीजास्तीपुढे किरकोळ आहे. खरी चूक शोधायची असेल तर ती भाजकात नाही, भाज्यात आहे.

व्यासाच्या वर्गावरून क्षेत्रफळ काढण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे दोन नियम शेजारी शेजारी दिले आहेत. व्यासाच्या वर्गाला ३९२७ ने गुणून ५००० ने भागले तर सूक्ष्म उत्तर, आणि ११ ने गुणून १४ ने भागले तर व्यवहाराला पुरेसे स्थूल उत्तर. पहिला नियम ०.७८५४ देतो, तोच आपण आज वापरतो. दुसऱ्या, स्थूल नियमात पोलादाची घनता घालून पाहिली तर भाजक १६२.१३ येतो, म्हणजे साइटवरच्या १६२ पेक्षाही तो खऱ्या आकड्याच्या जवळ आहे. ज्या भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे, त्यांनी सूक्ष्म आणि व्यवहार्य अशी दोन उत्तरे जाणीवपूर्वक वेगळी ठेवली होती, आणि कोणते कुठे वापरायचे हे वापरणाऱ्याच्या विवेकावर सोडले होते. या पुस्तकानेही तोच शिरस्ता पाळला आहे.

नियमातला खरा जीव वर्गात आहे. आठऐवजी सोळाची सळई घेतली तर वजन दुप्पट होत नाही, चौपट होते: ०.३९५ किलोचे १.५८ किलो. दहाऐवजी बारा घेतली तर व्यास वीस टक्के वाढतो, वजन मात्र चव्वेचाळीस टक्के. ‘दहाची नाही मिळाली, बाराची टाकू, फार फरक नाही’ असे जेव्हा साइटवर ठरते तेव्हा खर्चात जवळपास निम्म्याची भर पडत असते. उलट बदल झाला, बाराच्या जागी तेवढ्याच दहाच्या सळया गेल्या, तर जवळजवळ एक तृतीयांश पोलाद काँक्रीटमधून नाहीसे होते. डोळ्याला दोन मिलिमीटरचाच फरक दिसत असतो.

या बाबतीत आपल्याकडच्या बोलण्यातला एक जुना वारसा अजून घोटाळा करतो. इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, आणि तीन सुती, चार सुती, पाच सुती ही सळयांची नावे गावोगावच्या दुकानांत आजही चालतात. इंच-पौंडांच्या काळात यासाठीही वर्गाचाच नियम होता: सुतांचा वर्ग भागिले २४ म्हणजे एका फुटाचे पौंडातले वजन. चार सुती सळई खरोखर अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची होती आणि तिचे मीटरला वजन ०.९९ किलो भरत असे. मेट्रिक मापे आली आणि चार सुती हे नाव बारा मिलिमीटरच्या सळईला चिकटले, जिचे वजन ०.८८८ आहे, सुमारे अकरा टक्के कमी. तीन सुतीचे उलट झाले: साडेनऊ मिलिमीटरची जागा दहाने घेतली आणि वजन दहा टक्के वाढले. त्यामुळे जुन्या नकाशावर सुतांत लिहिलेल्या सळईच्या जागी आजची त्याच नावाची सळई डोळे झाकून घालता येत नाही. फुटांचेही असेच. व्यासाचा वर्ग भागिले ५३२ हा एका फुटाचे किलोग्रॅम देणारा नियम अनेक ठेकेदार वापरतात आणि तो बरोबरही आहे. पण कारखान्यातून येणारी बारा मीटरची सळई बोलताना चाळीस फुटी म्हणवली जाते, आणि चाळीस फूट म्हणजे १२.१९ मीटर. बारा मिलिमीटरच्या एका नगाचे वजन फुटांच्या हिशेबाने १०.८३ किलो येईल, मीटरच्या हिशेबाने १०.६६. नगामागे सुमारे १७० ग्रॅमची ही वाढ कागदावरच असते. बारा मीटरच्या नगासाठी, जाता जाता सांगतो, एक सुटसुटीत रूप आहे: वर्गाची दुप्पट भागिले २७.

आता मूळ मुद्द्याकडे. गुळगुळीत गोल सळईच्या काळात व्यास ही प्रत्यक्ष मोजता येणारी गोष्ट होती. व्हर्निअर लावा, आकडा वाचा, वर्ग करा. पण गुळगुळीत सळई काँक्रीटमधून घसरते, म्हणून तिच्या पृष्ठभागाला पकड आणण्याचे प्रयत्न प्रबलित काँक्रीटच्या जन्माबरोबरच सुरू झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या अर्नेस्ट रॅन्समने १८८४ मध्ये पीळ दिलेल्या चौकोनी सळईचे पेटंट घेतले. चौकोनी सळईत वर्तुळाचा गुणक येत नाही, म्हणून तिचा भाजक १२७.४, वर्ग मात्र तोच, फक्त बाजूचा. पुढे गोल सळईवर रिब आल्या. भारतात या सळयांसाठीचे मानक आयएस १७८६ प्रथम १९६१ मध्ये आले, तेव्हा जमाना थंड अवस्थेत पीळ दिलेल्या, ‘टॉर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सळयांचा होता. त्यानंतर बेल्जियममधल्या लिएज इथे १९७० च्या दशकात विकसित झालेल्या टेम्पकोरसारख्या पद्धती आल्या. त्यांत लाल तापलेली सळई रोलमधून बाहेर पडताच पाण्याने झपकन थंड करतात. बाहेरचे कवच कडक होते, आतला गाभा लवचीक राहतो. अशा सळयांनाच आपण टीएमटी म्हणतो. पोलाद बदलले, ताकद वाढली, पीळ गेला, पण रिब राहिल्या. आणि रिब असलेल्या सळईला एकच एक व्यास नसतो. रिबच्या मधल्या भागावर व्हर्निअर लावला तर आकडा नावाच्या व्यासापेक्षा कमी येतो, रिबवर लावला तर जास्त. दोन्ही आकडे खरे असतात आणि दोन्हींचा वर्ग करून १६२ ने भागले तर दोन्ही वजने चुकतात.

मग बाराची सळई बाराची कशामुळे? मानकाचे उत्तर असे की ज्या गुळगुळीत गोल सळईचे मीटरला वजन या सळईएवढे भरेल, त्या काल्पनिक गोल सळईचा व्यास हा हिचा नाममात्र व्यास. म्हणजे व्याख्येतच वजन आधी आले. आयएस १७८६ मध्ये छेदाचे क्षेत्रफळ काढण्याची रीतही तशीच दिली आहे: किमान अर्धा मीटर लांबीचा तुकडा घ्या, वजन करा, लांबी मोजा, आणि वजनाला लांबी गुणिले ०.००७८५ ने भागा. उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये येते. तिथे व्यासाचा उल्लेखच लागत नाही. व्यास हवाच असेल तर नियम उलटा फिरवायचा: मीटरचे वजन गुणिले १६२.२, आणि त्याचे वर्गमूळ.

प्रत्यक्ष सळईचे वजन तक्त्यातल्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही आणि जुळावे अशी अपेक्षाही नसते. त्याचे कारण रोलिंग मिलमध्ये आहे. जालन्यात असो वा आणखी कुठे, तापलेले पोलाद रोलवर कोरलेल्या खाचांतून दाबले जाते आणि शेवटच्या खाचेचा आकार सळईला मिळतो. नव्या रोलची खाच घट्ट असते, सळई हलकी निघते. हजारो मीटर पोलाद गेल्यावर खाच झिजून मोठी होते आणि सळई जड होत जाते. इथे पुन्हा वर्ग आपले काम करतो. खाच पाव मिलिमीटरहून थोडी कमी, समजा ०.२ मिलिमीटरने वाढली, तर आठच्या सळईचे वजन पाच टक्के वाढते, पंचवीसच्या सळईचे दीड टक्का. म्हणूनच मानकात बारीक सळयांना जास्त मोकळीक आहे. दहा मिलिमीटरपर्यंतच्या सळयांच्या एका बॅचचे वजन नाममात्र वजनापेक्षा सात टक्के इकडेतिकडे चालते. दहाच्या पुढे सोळापर्यंत पाच टक्के. त्यापुढे तीन टक्के. एकच तुकडा तपासायचा असेल तर खालची मर्यादा एकेक टक्का सैल आहे: आठ, सहा आणि चार टक्के कमी चालते, त्याखाली नाही.

एक तपासणी सबंध करून पाहू. स्लॅबसाठी आलेल्या आठ मिलिमीटरच्या सळयांतून एक मीटरचा तुकडा कापला. काट्यावर ३५२ ग्रॅम भरले. नाममात्र वजन ३९५ ग्रॅम. तूट ४३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अकरा टक्के. एका तुकड्याला चालणाऱ्या आठ टक्क्यांच्या खाली. क्षेत्रफळ ०.३५२ भागिले ०.००७८५, म्हणजे ४४.८ चौरस मिलिमीटर, जे ५०.३ असायला हवे होते. उलट्या नियमाने व्यास ७.५६ मिलिमीटर. ही सळई हातात घेऊन कुणाला ओळखता येणार नाही, रिबवर लावलेला व्हर्निअर तर आठच्या वर दाखवेल. पण हा निकाल देण्याआधी तपासणीच तपासली पाहिजे. कटरने तोडलेली टोके चेपलेली आणि तिरकी असतात, त्यांमुळे लांबी कुठून कुठे मोजायची हेच ठरत नाही. हॅक्सॉने किंवा चाकाच्या कटरने सरळ कापलेली टोके हवीत. अर्ध्या मीटरच्या तुकड्यात पाच मिलिमीटरची चूक म्हणजे एक टक्का. आणि काटा दहा-दहा ग्रॅमच्या टप्प्याने वाचणारा असेल तर अर्धा मीटर आठच्या सळईत, जिचे वजनच दोनशे ग्रॅमच्या आत आहे, अडीच टक्क्यांची शंका त्या काट्यानेच आणली. बारीक सळईसाठी एक ग्रॅम वाचणारा काटा हवा, किंवा मग तुकडा न कापता बारा मीटरचा सबंध नग मोजून तोलावा, त्याचे नाममात्र वजन ४.७४ किलो. एका तुकड्यावर माल परत पाठवू नये. वेगवेगळ्या बंडलांतून आणखी तुकडे घ्यावेत. सगळेच एकाच बाजूला झुकले तर शंकेला जागा राहत नाही.

ही तूट कुणाच्या पदरात पडते हे पोलाद कसे विकत घेतले आणि कसे मोजून दिले यावर अवलंबून असते, आणि या क्षेत्रातले जुने मतभेद मुख्यतः याच प्रश्नाभोवतीचे आहेत. एक पक्ष काट्याचा: ट्रक भरून तोला, रिकामा करून तोला, फरकाचे पैसे द्या. दुसरा पक्ष तक्त्याचा: नकाशावरून लांबी काढा, मीटरला ठरलेल्या वजनाने गुणा, तेवढेच मोजा. दोन्हींचे तर्क आपापल्या जागी सरळ आहेत, पण खरेदी एका पद्धतीने आणि बिल दुसऱ्या पद्धतीने झाले की मधल्या फटीतून पोलाद निसटते. बाराच्या पाच टन सळया काट्यावर घेतल्या. नाममात्र वजनाच्या असत्या तर त्यांची लांबी ५६३० मीटर भरली असती. त्या मानकात बसणाऱ्या पण पाच टक्के हलक्या असतील तर लांबी ५९२७ मीटर भरते. ती सगळी कामात वापरून तक्त्याने बिल केले की पाच टनांचे पाच टन २६३ किलो होतात. यात कुणी खोटे माप लिहिलेले नाही. काटा खरा, टेप खरी, नियम खरा. तरीही न आलेल्या अडीचशे किलोहून अधिक पोलादाचे पैसे गेले. म्हणूनच अनेक सरकारी कामांच्या करारांत तिसरी वाट काढलेली असते: प्रत्येक व्यासाच्या सळईचे प्रत्यक्ष वजन तपासायचे, ते नाममात्र वजनापेक्षा कमी भरले तर प्रत्यक्ष वजन धरायचे, जास्त भरले तर नाममात्रच. मला ही वाट सर्वांत न्याय्य वाटते. जड सळईचा भुर्दंड ठेकेदारावर पडतो ही तिच्याविरुद्धची तक्रार खोटी नाही. पण सळई निवडण्याचे आणि मिलशी बोलण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडेच असते, मालकाकडे नाही.

वजनकाटा असताना एवढा खटाटोप कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. ट्रकच्या काट्याला एकूण वजन कळते, ते कोणत्या व्यासात किती वाटले गेले ते कळत नाही. हलक्या आठच्या सळया आणि थोड्या जड पंचविसाच्या सळया एकाच ट्रकमध्ये आल्या तर बेरीज अगदी चोख दिसू शकते. स्लॅबमध्ये मात्र फक्त आठच्या जातात, पंचविसाच्या फुटिंगमध्ये आणि कॉलममध्ये.

आणि इथून प्रश्न पैशाचा राहत नाही. वर तपासलेली आठची सळई पुन्हा घेऊ. ती प्रयोगशाळेत ओढून पाहिली आणि अहवाल आला की ताकद ५०० मेगापास्कलच्या वर, दर्जा एफई ५०० ला साजेसा. मालक निश्चिंत होतो. पण हा आकडा कसा निघाला? यंत्राने दाखवलेल्या भाराला छेदाच्या क्षेत्रफळाने भागून. आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ते क्षेत्रफळ तुकड्याच्या प्रत्यक्ष वजनावरून काढलेले असते, ४४.८ चौरस मिलिमीटर. सळई बारीक असल्याने भार कमी आला, पण भाजकही तेवढाच कमी होता, म्हणून भागाकार सुरेख आला. डिझाइन करणाऱ्याने मात्र ५०.३ चौरस मिलिमीटर धरून प्रत्येक सळईकडून २५.१ किलोन्यूटनची अपेक्षा केली होती. ही सळई २२.४ ला थकणार. अहवालात पोलादाचा दर्जा असतो, पोलाद किती आहे हे वेगळे वाचावे लागते. काही आंतरराष्ट्रीय चाचणीपद्धतींत भागाकार नाममात्र क्षेत्रफळाने करतात, त्यामुळे हलकी सळई ताकदीच्या आकड्यातही उघडी पडते. आपल्या पद्धतीत धातूची पारख अधिक शुद्ध होते, पण मग वजनाची ओळ वाचणे सक्तीचे ठरते. नकाशात दीडशे मिलिमीटरवर दाखवलेल्या या सळया प्रत्यक्षात १६८ मिलिमीटरवर बसवलेल्या खऱ्या आठच्या सळयांइतकेच काम करतील. फिटरने सळया १६८ वर बांधल्या असत्या तर कोणत्याही इंजिनिअरने त्या सोडवायला लावल्या असत्या.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो की डिझाइनमध्ये सुरक्षेचा गुणक असतो, आणि आयएस ४५६ मध्ये पोलादासाठी तो १.१५ आहे. त्याचा अर्थ पोलादाची ताकद सुमारे सत्त्याऐंशी टक्केच धरली जाते, तेरा टक्के हाताशी ठेवली जाते. मग अकरा टक्क्यांची तूट त्यात सामावेल की! सामावते, हे खरे. आणि त्यानंतर त्या राखीव ताकदीतले दोनअडीच टक्केच उरतात. तो गुणक मुळात एकट्या वजनासाठी ठेवलेला नाही. पोलादाच्या ताकदीतली घटबढ, सळई जागच्या जागी न बसणे, स्लॅब ओतताना पाय पडून वरची सळई खाली दबणे, हिशेबातली गृहीतके, या सगळ्यांचा वाटा त्यातून द्यायचा असतो. घर चालवणाऱ्याने आजारपणासाठी बाजूला ठेवलेले पैसे महिन्याच्या किराण्यात संपवावेत, तसे ते होते. मानकाने दिलेली सात टक्क्यांची मोकळीक डिझाइनने स्वीकारलेली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तिच्या पलीकडची तूट मात्र गुणकाच्या नावाने माफ करता येत नाही.

नियमाच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. १६२ मध्ये ७८५० ही घनता दडलेली आहे, म्हणून तो साध्या पोलादापुरताच. स्टेनलेस स्टीलच्या काही प्रकारांची घनता ८००० च्या आसपास असते. काचतंतूंच्या सळया तर पोलादाच्या जेमतेम चतुर्थांश वजनाच्या असतात आणि त्यांना हा नियम लावणे निरर्थक आहे. इपॉक्सी किंवा जस्ताचा थर दिलेली सळई तोलली तर थराचे वजनही पोलाद म्हणून मोजले जाते. शिवाय नियम फक्त मीटरचे वजन सांगतो, मीटर किती हे सांगत नाही. रिंगांचे हूक, वाकवताना धरायची लांबी, जोडाचे ओव्हरलॅप, कापून उरलेले तुकडे यांचा हिशेब बार बेंडिंग शेड्यूलचा आहे, आणि अंदाजपत्रके बिघडतात ती बहुतेक तिथे. ते दोष वर्गाच्या नियमाच्या माथी मारले जातात, हे या पुस्तकाने नेमके दाखवले आहे.

पुस्तकाचा वाचक कोण, याचाही विचार इथे दिसतो. आयटीआय आणि पदविकेचे विद्यार्थी, साइटवरचे सुपरवायझर, लहान ठेकेदार, आणि आयुष्यात एकदाच घर बांधणारा माणूस, ज्याच्या अंगणात सळयांची गाडी रिकामी होते आणि ज्याला पावतीवरच्या आकड्यांखेरीज काही कळण्याचा मार्ग नसतो. तक्ते पाठ करून घेणे हा पुस्तकाचा हेतू नाही. तक्ते मोबाइलमध्ये सर्वांकडे आहेत. तक्त्यातला आकडा कोणत्या गृहीतकावर उभा आहे, तो कुठे वचन आहे आणि कुठे केवळ अंदाज आहे, आणि हातात काटा व टेप असताना त्याला काय विचारता येते, हे दाखवण्याचा प्रयत्न आहे. काँक्रीटची रचना, सळयांचे आराखडे, भूकंपासाठीचे नियम यांत पुस्तक जाणीवपूर्वक शिरलेले नाही. काहींना ते अपुरे वाटेल. मला मात्र हा संयम पटतो, कारण त्या विषयांवर मोठे ग्रंथ आहेत आणि वजनाची ही ओळ त्यांत एका तळटिपेत संपते.

गंजलेल्या सळयांवरचा भाग वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा असे सुचवतो, कारण कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर पावसाळाभर उघड्यावर राहिलेल्या सळया ही नेहमीची गोष्ट आहे. गंज म्हणजे लोखंडाने हवेतला ऑक्सिजन धरून ठेवलेला असतो. तो अंगाला चिकटून आहे तोवर सळईचे वजन कमी होत नाही, उलट किंचित वाढते. तशीच तोलली तर ती तपासणीत उत्तीर्ण होईल आणि आतले पोलाद मात्र घटलेले असेल. अमेरिकेच्या एसीआय ३१८ या संहितेत त्यासाठी साधी अट आहे: तुकडा हाताने तारेच्या ब्रशने घासा, आणि घासल्यानंतरचे वजन व मापे मानकात बसली तर वरवरच्या गंजाची काळजी करू नका. म्हणजे आधी ब्रश, मग काटा, आणि त्यानंतर वर्गमूळ. बाराच्या घासलेल्या सळईचे मीटरला ८६२ ग्रॅम भरले तर व्यास ११.८२ आला, तूट तीन टक्के, सळई वापरता येईल. ८३० भरले तर तूट साडेसहा टक्के, एका तुकड्याच्या सहा टक्क्यांच्या मर्यादेखाली, आणि ती सळई कॉलममध्ये जाता कामा नये.